थर्मोस्टॅटवर २८, भिंतीवर ३६, तरी सरडा दगडावर टिकत नाही

प्रश्न: माझा बिअर्डेड ड्रॅगन आठ महिन्यांचा आहे. पेटी लाकडी, पुढून काच, १२० × ६० × ६० सेंटीमीटर. एका टोकाला १०० वॉटचा हॅलोजन दिवा आणि त्याखाली सपाट दगड. दिवा डिमिंग थर्मोस्टॅटवर आहे, त्याचा तापमान मोजणारा प्रोब गार बाजूला लावलाय आणि २८ वर सेट केलाय. गरम बाजूच्या भिंतीवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर ३६ दाखवतो. दोन महिने सगळं छान होतं. थंडी पडल्यापासून तो दगडावर चढतो, मिनिटा-दोन मिनिटांत तोंड उघडतो आणि उतरून मध्येच पडून राहतो. खाणं निम्म्यावर आलंय, आठ दिवसांत शी नाही. आकडे तर बरोबर दिसतायत. दिवा मोठा लावू का?

उत्तर:

दिवा मोठा लावू नका. तुमच्या वर्णनावरून मला उलटंच वाटतंय. दगड गार नाही, भाजून काढणारा झालाय, आणि म्हणूनच सरडा आतून गार राहतोय.

तुम्ही दिलेले दोन आकडे खोटे नाहीत. फक्त ते ज्या जागेचे आहेत तिथे सरडा बसत नाही. २८ हा आकडा गार बाजूच्या प्रोबचा. तो बरोबर येणारच, कारण थर्मोस्टॅटला तुम्ही तेवढं एकच काम दिलंय: या प्रोबचं तापमान २८ ठेव. त्यासाठी पेटीच्या दुसऱ्या टोकाला काय करावं लागतं याची त्याला फिकीर नाही. भिंतीवरचा ३६ हा भिंतीचा आणि तिला चिकटून असलेल्या हवेचा आकडा आहे. सरडा ज्या दगडावर पोट टेकतो त्याचा आकडा तुमच्याकडे नाहीच. त्याच्या पाठीवर किती ऊब पडते, तोही नाही.

आता थंडी पडल्यावर काय झालं असेल ते बघा. खोली उबदार होती तेव्हा गार बाजू २८ वर ठेवायला दिव्याला फार जोर लावावा लागत नव्हता. थर्मोस्टॅट त्याला मंद करून चालवत होता आणि मंद दिव्याखाली दगड योगायोगाने ४० च्या आसपास राहत होता. खोली गार झाली तशी गार बाजू २८ च्या खाली घसरायला लागली. थर्मोस्टॅटच्या हातात एकच साधन, तो दिवा. त्याने तो वाढवत वाढवत पूर्ण ताकदीवर नेला. एका टोकाचा दिवा सव्वा मीटर लांबची हवा तापवायला धडपडतोय आणि त्याच्या थेट खाली असलेला दगड त्याची किंमत मोजतोय.

उन्हाळ्यात हीच चूक उलटी दिसते. खोलीच ३० वर गेली की प्रोबला २८ पेक्षा जास्तच लागतं, थर्मोस्टॅट दिवा जवळजवळ विझवतो आणि सरडा दिवसभर अंधुक, कोमट पेटीत बसून राहतो. ऊन खायला जागाच उरत नाही. मालक म्हणतो, ‘एवढी गरमी आहे, मग हा सुस्त का?’ दोन्ही वेळा रोग एकच आहे, प्रोबची जागा.

जास्त गरम दगडामुळे सरडा गार कसा राहतो, हे नीट समजून घ्या, कारण नव्याने पाळणारे बहुतेक जण इथेच फसतात आणि दिवा मोठा करतात. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या आतल्या भागातला. शरीराचं तापमान साधारण ३५ ते ३६ च्या घरात राहील अशी त्याची दिवसभर खटपट चालते. उन्हात यायचं, तापायचं, सरकायचं, परत यायचं. शरीर असं आतपर्यंत तापायला वेळ लागतो. कातडी मात्र लगेच तापते. दगड आणि त्यावरची किरणं माफक असली तर तो अर्धा-पाऊण तास निवांत पसरतो आणि ऊब हळूहळू पोटात, आतड्यापर्यंत पोचते. दगड ५० च्या पुढे असला तर पाठ आणि पोटाची कातडी दोन मिनिटांत सहन होईना अशी तापते, तो तोंड उघडतो, उतरतो. आतलं अंग मात्र अजून २९-३० वरच आहे. दिवसातून दहा वेळा चढला-उतरला तरी आतडं तापत नाही, आणि आतडं गार असलं की पचन रेंगाळतं. भूक कमी होणं आणि शी अडकणं तिथून आलं असावं.

तोंड उघडणं हे एरवी वाईट लक्षण नाही. वीस-पंचवीस मिनिटं ऊन खाऊन झाल्यावर तो तोंड उघडून बसला तर समजावं की पोटभर तापलाय आणि जास्तीची उष्णता टाकतोय. किती वेळाने उघडतो आणि कुठे उघडतो, ते बघा. चढल्या चढल्या उघडलं तर जागा फार गरम आहे. दिव्यापासून लांब, गार कोपऱ्यात उघडून बसत असेल तर एकतर पूर्ण पेटीच तापली आहे किंवा श्वासाचा त्रास आहे. श्वासाला आवाज येत असेल, नाका-तोंडाशी चिकट द्रव दिसत असेल, तर तापमानाशी खेळत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

हवेचं तापमान आणि पृष्ठभागाचं तापमान यांतला फरक इथे फार कामाचा आहे. दिवा हवेला थेट फारसा तापवत नाही. त्याची किरणं जिथे पडतात तो दगड, ती फांदी, ती पाठ तापते, आणि मग तापलेल्या वस्तूंना लागून हवा तापते. म्हणून एकाच वेळी दगड ५२, त्यावर वीतभर उंचीची हवा ३८ आणि बाजूची भिंत ३६ असू शकते. हवामानाची मोजणी करणारे लोक थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत सावलीत ठेवतात ते याचसाठी. उन्हात ठेवला तर तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या अंगाचं तापमान सांगतो. आपल्या प्रोबचंही तसंच आहे. काळं प्लॅस्टिकचं टोक दिव्याखाली लोंबकळत ठेवलं तर ते जो आकडा देतं तो ना हवेचा, ना दगडाचा. तो त्या काळ्या टोकाचा असतो.

म्हणून गार बाजू प्रोबने मोजावी आणि गरम बाजूचा दगड टेम्परेचर गनने. गन पृष्ठभागातून निघणारी उष्णता वाचते. दगड, लाकूड, टाइल, सरड्याची कातडी यांवर ती चांगली चालते. चकचकीत स्टीलच्या वाटीवर फसते. आणि काचेतून कधीही मोजू नका. ती उष्णता काचेतून आरपार जात नाही, त्यामुळे गन काचेचंच तापमान सांगते. दार उघडून, हात आत घालून मोजा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गनचा लाल ठिपका म्हणजे मोजलेली जागा नव्हे. गनवर १२:१ असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ३६ सेंटीमीटरवरून ती ३ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देते. बऱ्याच स्वस्त गनचं हे प्रमाण यापेक्षा कमी असतं, म्हणजे वर्तुळ आणखी मोठं. लांबून मारलेल्या गनमध्ये दगडाच्या कडा, बाजूची माती सगळं मिसळतं आणि आकडा कमी येतो. वीतभर अंतरावरून, काटकोनात, दगडाच्या तीन-चार ठिकाणी मोजा. सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा, सरासरी नको. सरड्याला सरासरी भाजत नाही.

तुमच्यासारखंच एक प्रकरण मी गेल्या थंडीत समोर बसून सोडवलं होतं. ते आकड्यांसकट सांगतो. पेटी याच मापाची, दिवा १०० वॉटचाच, थर्मोस्टॅट २८, प्रोब गार बाजूच्या मागच्या भिंतीला, साधारण मध्यावर. खोली १७ अंशांवर होती. भिंतीवरचा काटा ३६. दिवा लावून तीन तास झाले होते. हे महत्त्वाचं आहे, कारण जाड दगड तापून स्थिर व्हायला वेळ घेतो आणि अर्ध्या तासात मोजलेला आकडा फसवा असतो. गन मारली तर दगडाच्या मध्यावर ५३.

मग मी पाठीच्या उंचीचा आकडा घेतला. दगड आणि दिवा यांत अंतर २५ सेंटीमीटर. मोठा सरडा त्यावर बसला की त्याची पाठ दगडापेक्षा ५ सेंटीमीटरभर वर येते, म्हणजे दिव्यापासून फक्त २० वर. उघड्या दिव्याचा नियम धरला तर ऊब अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते. २५ भागिले २० चा वर्ग दीडपटीहून थोडा जास्त. रिफ्लेक्टरच्या दिव्याला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच. मी ५ सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा दगडावर ठेवला, सरड्याला तेवढा वेळ दुसऱ्या हवेशीर खोक्यात बसवलं आणि अर्ध्या तासाने ठोकळ्याच्या माथ्यावर गन मारली. ५९. दगडाचा आकडा वाईट होता, पाठीचा त्याहून वाईट. सरडा दीड मिनिटात का उतरत होता ते समजायला आणखी काही लागलं नाही.

मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनसाठी ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ असावा, लहान पिल्लांना त्याच पट्ट्याच्या वरच्या टोकाला चालतं. मी आकडा ठरवताना दगडाचा नाही, ठोकळ्याच्या माथ्याचा धरतो. तिथे ४० ते ४१ आलं की दगड आपोआप ३७-३८ च्या घरात बसतो आणि पोटालाही चटका लागत नाही.

आता दुरुस्ती. आधी थर्मोस्टॅट बाजूला ठेवला. दिवा सरळ पूर्ण ताकदीवर लावला आणि दगडाखालचा विटेचा थर काढून दगड खाली घेतला. ठोकळा परत ठेवला, दोन तास थांबलो, मोजलं, ४६. आणखी खाली घ्यायला जागा नव्हती, म्हणून १०० चा दिवा काढून ७५ चा लावला. परत दोन तास. ठोकळ्यावर ४१, दगडावर ३८. एवढ्यात संध्याकाळ झाली. अशा कामाला एक पूर्ण सुट्टीचा दिवस लागतो, हे गृहीत धरूनच बसा.

यात एक बारीक मेख आहे. दगडाचं तापमान दिव्याच्या वॉटवर आणि अंतरावर ठरतं. पेटीचं एकूण तापमान मात्र फक्त वॉटवर आणि पेटीतून किती उष्णता बाहेर जाते यावर ठरतं. अंतर कमी-जास्त करून पेटीत जाणारी एकूण उष्णता बदलत नाही. म्हणून ज्यांची गार बाजू फार तापते त्यांनी कमी वॉटचा दिवा दगडाच्या थोडा जवळ आणावा. दगड तेवढाच तापतो, पेटी गार राहते. फक्त दिवा जितका जवळ, तितका उजेडाचा गोल लहान होतो, आणि खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत सगळा सरडा त्या गोलात मावला पाहिजे. रुपयाएवढ्या जागेवर ५० आणि बाकी अंगावर ३० अशी अवस्था असली तर तो तापायला तिथेच बसून राहतो आणि पाठीवर भाजल्याचा डाग पडतो. शंका असेल तर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे शेजारी लावा. आणि दगडाची उंची बदलली की अतिनील किरणं देणाऱ्या यूव्ही ट्यूबपासूनचं अंतरही बदलतं, ते परत तपासा. दगड वर घेऊन तापमान साधलं आणि यूव्ही दुप्पट झालं, असंही मी पाहिलंय.

मग आली प्रोबची पाळी. दिव्याला ताब्यात ठेवणारा प्रोब दिव्याच्या बाजूलाच हवा. पण दगडाच्या मध्यावर ठेवायचा मोह टाळा. समजा प्रोब मध्यावर आहे आणि दगड ४० वर स्थिर आहे. गार बाजूहून आलेला, २८ अंशांचा सरडा बरोबर त्या प्रोबवर पोट टेकून बसतो. प्रोब झाकला गेला, त्याच्यावर गार अंग आलं, आकडा पडला. थर्मोस्टॅटला वाटतं दगड निवला. तो दिवा वाढवतो. ज्या क्षणी प्राणी दिव्याखाली आहे नेमक्या त्याच क्षणी दिवा भडकतो, आणि सगळा मारा त्याच्या पाठीवर. याच्याइतकी उलटी व्यवस्था शोधून सापडणार नाही, तरी पेटीपेटीतून ती दिसते, कारण ‘जिथलं तापमान हवं तिथे प्रोब ठेवा’ हा सल्ला ऐकायला अगदी बरोबर वाटतो.

मी प्रोब दगडाच्याच पातळीला, पण मध्यापासून ८-१० सेंटीमीटर बाजूला, उजेडाच्या गोलाच्या कडेवर, मागच्या भिंतीकडे लावतो. सरडा सहसा तिथे बसत नाही, दिव्याचा फरक मात्र तिथे लगेच कळतो. वायर केबल क्लिपने किंवा झिप टायने पक्की करायची. पेटीच्या आत चिकटपट्टी नको. ती उष्णतेने सुटते आणि कातडीला चिकटली की सोलून काढते. प्रोबचं टोक लोंबकळता कामा नये, दगडाच्या बुडाला किंवा लाकडी पट्टीला टेकलेलं असावं.

आता त्या प्रोबवर कोणता आकडा सेट करायचा? ४१ नक्कीच नाही. दिवा अजून सरळच लावलेला आहे, ठोकळ्यावर गनने ४१ येतंय. अशा वेळी कडेच्या प्रोबवर काय दिसतं ते वाचायचं. त्या दिवशी तिथे ३३.५ दिसलं. मग थर्मोस्टॅट जोडला आणि ३४ वर ठेवला. म्हणजे सेटिंगमधला ३४ हा सरड्याचा आकडा नाही, दगडाचाही नाही. ती फक्त एक खूण आहे: कडेला ३४ असतं तेव्हा मध्यावर ४१ असतं. प्रोब चार सेंटीमीटर सरकला तर ही खूण बाद, आणि सगळं परत मोजायचं. मी पेटीवर पेन्सिलने प्रोबची जागा आखून ठेवतो आणि शेजारी दोन आकडे लिहितो, प्रोब ३४, ठोकळा ४१. सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही.

डिमिंग थर्मोस्टॅट तुमच्याकडे आहेच, तो या दिव्याला योग्य. चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट दिव्यावर लावला तर दिवसभर उजेड उघडझाप करतो आणि दगड खालीवर होत राहतो. तो प्रकार टाळा.

दिवा कमी झाल्यावर त्या पेटीची गार बाजू २३ वर आली. मालक घाबरला. त्याने कुठेतरी २८ वाचलं होतं, तुमच्यासारखंच. मुळात गार बाजूने २८ असायलाच हवं असं नाही. दिवसा २४ ते २८ मधलं काहीही चांगलं, २२-२३ वरही धडधाकट सरड्याचं बिघडत नाही, जर दुसऱ्या टोकाला नीट तापता येत असेल तर. गार बाजू ही निवायची जागा आहे. ती ३० च्या वर गेली की प्राण्याला उष्णता टाकायला जागा उरत नाही, आणि ते २३ पेक्षा कितीतरी धोक्याचं. रात्री दिवा बंद असावा, १८-२० पर्यंत उतरलं तरी चालतं. तुमच्या सध्याच्या मांडणीत टायमर नसेल तर गार बाजूचा प्रोब रात्रीही दिवा पेटवत असणार, तेही बघा.

तरी खोली १७ वर असताना थोडा आधार हवाच होता. त्यासाठी पेटीच्या मध्यावर, वरच्या बाजूला जाळीच्या आवरणात एक उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावला, त्याला विजेचे छोटे ठोके देऊन उष्णता सांभाळणारा वेगळा पल्स थर्मोस्टॅट आणि वेगळा प्रोब. हा दुसरा प्रोब गार बाजूला, सेटिंग २४. तुम्ही आत्ता ज्या जागी प्रोब लावलाय ती या कामासाठी बरोबर आहे. फक्त ते काम ऊन खाण्याच्या दिव्याला सांगायचं नाही. प्रत्येक उष्णतेच्या साधनाला त्याचा स्वतःचा प्रोब, आणि प्रोब त्या साधनाचं काम जिथे दिसतं तिथे.

गार बाजूच्या प्रोबच्या जागेबद्दलही दोन शब्द. तो जमिनीलगत, सरड्याच्या अंगाच्या उंचीला, सावलीत आणि काचेपासून सुटा हवा. भिंतीच्या मध्यावर किंवा छताजवळ लावलात तर वर साठलेल्या गरम हवेचा आकडा येतो, आणि तो खालच्यापेक्षा तीन-चार अंशांनी सहज जास्त असतो. त्या प्रकरणात मी जुना प्रोब भिंतीवरून काढून जमिनीलगत आणला तेव्हा २८ चे २५ झाले, काही न बदलता. म्हणजे सरडा ज्या कोपऱ्यात झोपत होता तिथे २८ कधी नव्हतेच.

सरड्याचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगडावर चढला आणि पस्तीस-चाळीस मिनिटं तोंड मिटून पसरून राहिला. शी तिसऱ्या दिवशी झाली, खाणं आठवड्याभरात पूर्ववत. तुमच्याकडे आठ दिवस झालेत, म्हणून तापमान दुरुस्त केल्यावर आणखी तीन-चार दिवस वाट बघा. पोट फुगलेलं, कडक वाटत असेल किंवा मागचे पाय ओढत असेल तर मात्र एकही दिवस थांबू नका. आणि तोपर्यंत जबरदस्तीने खाऊ घालू नका. गार आतड्यात अन्न भरलं तर ते पचत नाही, पडून राहतं.

प्रोब सरकणं ही काय भानगड होऊ शकते, याचा धडा मला बिअर्डेड ड्रॅगनने नाही, लेपर्ड गेको या पालीने दिला. पेटीखाली हीट मॅट होती आणि प्रोब मी आत, मातीच्या पातळ थरावर नुसता ठेवला होता, सक्शन कपने काचेला धरून. सेटिंग ३२. एका संध्याकाळी गेकोने उकरून प्रोब वर ढकलला आणि तो पाण्याच्या वाटीच्या काठावर जाऊन टेकला. स्क्रीनवर २७ दिसत होतं, म्हणजे ‘अजून गरम कर’. मॅट रात्रभर पूर्ण चालू राहिली. सकाळी गेको गार टोकाला काचेला चिकटून उभा होता आणि गरम लपणाखालच्या काचेवर गनने ४७ आलं. पोटाची कातडी लाल झाली होती, महिनाभर मलम लावावं लागलं. चूक सर्वस्वी माझी. स्क्रीनवरचा आकडा कमी आहे एवढंच मी संध्याकाळी पाहिलं होतं आणि ‘थंडी आहे’ म्हणून सोडून दिलं होतं. तेव्हापासून मॅटचा प्रोब मी पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या मध्ये पक्का करतो. प्राण्याचा तिथे पाय पोचत नाही. आतल्या थरावर किती तापमान येतं ते गनने बघायचं आणि त्याप्रमाणे सेटिंग लावायचं, वरच्या खुणेच्या हिशेबाने. थर जाड करून मॅट सौम्य करता येते हा समज मात्र सोडा. गेको उकरून खाली काचेपर्यंत जातोच, म्हणून काच हीच जमीन धरून मोजा.

यातून एक सवय लागली. प्रोबचा आकडा नेहमीपेक्षा कमी दिसला की मी आधी प्रोब कुठे आहे ते बघतो, खोली गार आहे का ते नंतर. पाणी सांडून प्रोब ओला झाला तरी तो कमी दाखवतो. निसटलेला किंवा ओला प्रोब बहुतेक वेळा एकाच दिशेने चुकवतो, जास्त उष्णतेच्या. म्हणून दिव्यावर वॉट इतकेच असावेत की थर्मोस्टॅट बिघडून तो रात्रंदिवस पूर्ण चालू राहिला तरी सरडा मरणार नाही. तुमचा १०० चा दिवा ७५ वर आणायचं हेही एक कारण.

प्रोब खरं बोलतो का, हे घरीच तपासता येतं. पेल्यात चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळून पाच मिनिटं ठेवा. प्रोबचं टोक मध्यात धरा, काचेला टेकू देऊ नका. शून्याच्या अर्धा-एक अंश आत आला तर ठीक. त्याहून उपयोगी तपासणी म्हणजे कोमट पाण्याची, कारण आपल्याला ३५-४० च्या पट्ट्यात अचूकता हवी असते. तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब एकाच पेल्यात ३८ च्या आसपासच्या पाण्यात एकत्र धरा आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहा. प्रोब दोन अंशांनी चुकत असेल तर तेवढे मनात धरून सेटिंग करता येतं. पाचने चुकत असेल तर बदला. भिंतीवरचा काट्याचा थर्मामीटर तपासत बसू नका. तो काढून टाका, तो ज्या भिंतीला चिकटलाय तिचीच खबर देत राहतो.

आज गन मिळाली नसेल तर तोवर एवढं करा: थर्मोस्टॅटचं सेटिंग २८ वरून २४ वर आणा, म्हणजे दिवा लगेच मंद होईल, आणि सरडा दगडावर किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. दोनाची पंधरा मिनिटं झाली तर निदान बरोबर. हा कायमचा उपाय नाही, प्रोब दिव्याच्या बाजूला हलवावाच लागेल. गन आली की दिवा लावून तीन तासांनी चार आकडे घ्या: दगडाचा मध्य, पाच सेंटीमीटरच्या ठोकळ्याचा माथा, गार कोपऱ्यात जमिनीलगत आणि खोलीचं तापमान. सोबत दिवा आणि दगडातलं अंतरही मोजून कळवा. मग ७५ पुरेल की आणखी कमी लागेल, हे नेमकं सांगता येईल.